म्यूट की होल्ड? पलीकडच्याला नेमकं काय ऐकू जातं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यूट आणि होल्ड यांत मूळ फरक काय?

म्यूट तुमच्या फोनच्या आत होतं, होल्ड नेटवर्कमध्ये होतं. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

म्यूट दाबलं की तुमचा फोन माइकचा आवाज पुढे पाठवणं थांबवतो. नेटवर्कला याचा पत्ताही नसतो. त्याच्या दृष्टीने कॉल चालूच आहे आणि तुम्ही फक्त गप्प आहात. समोरच्याचा आवाज तुमच्या कानात पूर्वीसारखाच येत राहतो.

होल्ड दाबलं की तुमचा फोन नेटवर्कला निरोप देतो, ‘हा कॉल बाजूला ठेव.’ नेटवर्क दोन्ही बाजूंचा आवाज थांबवतं. तुम्हाला ते ऐकू येत नाहीत, त्यांना तुम्ही ऐकू येत नाही. त्यांच्या कानात काय वाजवायचं हे आता नेटवर्क ठरवतं. कॉल तुटलेला नसतो, पण तुमच्यात संवादही नसतो.

थोडक्यात, म्यूटमध्ये बंद होतं ते फक्त तुमचं तोंड. होल्डमध्ये तुमचं तोंडही बंद आणि कानही.

मी म्यूट केल्यावर पलीकडच्याला काय ऐकू जातं?

शांतता. पण तुम्ही नुसते गप्प बसल्यावर जी शांतता असते, ती ही नव्हे. कान सरावलेल्या माणसाला फरक लगेच कळतो.

तुम्ही गप्प असलात तरी माइक चालू असतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, कुकरची शिट्टी, तुमचा श्वास असं काही ना काही हलकेच पलीकडे जात असतं. कान त्यालाच ‘माणूस लाइनवर आहे’ असं समजतो. म्यूट दाबताक्षणी हे सगळं एकदम नाहीसं होतं. खोलीचं दार लावल्यासारखं वाटतं आणि समोरचा माणूस नकळत म्हणतो, ‘हॅलो? आवाज येतोय का?’

कधी कधी म्यूटमध्येही अगदी बारीक ‘सूऽऽ’ असा आवाज असतो. तो तुमच्या घरातला नसतो, समोरच्याच्या फोनने तयार केलेला असतो. मोबाईलवर आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठवला जातो. बोलणं नसेल तेव्हा बॅटरी आणि नेटवर्कची क्षमता वाचवण्यासाठी फोन हे तुकडे पाठवणं थांबवतो. त्याऐवजी साधारण दर १६० मिलिसेकंदांनी एक छोटा निरोप जातो की इथे शांतता आहे आणि पार्श्वभूमीचा आवाज अमुक इतका आहे. त्यावरून समोरचा फोन कृत्रिम खरखर तयार करून कानात सोडतो, म्हणजे लाइन मेल्यासारखी वाटू नये. म्यूटमध्ये माइककडून काहीच येत नसल्यामुळे ही खरखर फार क्षीण असते किंवा नसतेच.

म्हणून कोणाला ‘एक मिनिट हं’ न सांगता म्यूट करू नका. पाच-सात सेकंदांत समोरचा कॉल कट करून परत लावतो आणि मग तुमचा नंबर व्यस्त, त्यांचाही व्यस्त असा खेळ सुरू होतो.

मी म्यूट केलंय हे समोरच्याला फोनवर दिसतं का?

साध्या सिमच्या कॉलवर दिसत नाही. नेटवर्कलाच माहीत नसेल तर ते कुणाला कळवणार? समोरच्याचा टायमर चालू राहतो आणि स्क्रीन तशीच असते.

झूम, गूगल मीट, टीम्स यांवर मात्र म्यूट लपत नाही. तुमच्या नावाशेजारी किंवा चौकटीत आडवी रेघ मारलेल्या माइकचं चिन्ह सगळ्यांना दिसतं. तिथे ‘माझा आवाज येत नव्हता का?’ हा बहाणा चालत नाही.

मी होल्डवर ठेवलं तर समोरच्याला काय ऐकू येतं?

भारतात मोबाईलवर बहुतेक वेळा कंपनीची ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, की ज्यांच्याशी तुम्ही बोलत होता त्यांनी कॉल होल्डवर ठेवला आहे, कृपया लाइनवर राहा. ती हिंदी-इंग्रजीत किंवा प्रादेशिक भाषेत पुन्हा पुन्हा वाजते. काही नेटवर्कवर सूचनेऐवजी ठरावीक अंतराने ‘टूं’ असा आवाज येतो, तर काहींवर नुसतीच शांतता.

लोकांचा गोंधळ होतो तो ही सूचना कोणाची यावरून. ऐकणाऱ्याच्या कंपनीची असेल असं वाटतं, पण साधारणपणे ती होल्ड करणाऱ्याच्या नेटवर्कमधून येते, कारण होल्डचा निरोप त्याच नेटवर्कला मिळालेला असतो. म्हणून एकाच मोबाईलवर एका नातेवाइकाने होल्ड केलं की सूचना वाजते आणि दुसऱ्याने केलं की शांतता, असं होऊ शकतं. तुमचा फोन बिघडलेला नाही. ते दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत, इतकंच.

काही फोनवर कॉल होल्डवर गेल्याचं स्क्रीनवरही दिसतं. नेटवर्क तसा संकेत समोरच्या फोनला देऊ शकतं, पण तो दाखवायचा की नाही हे फोनवर अवलंबून आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

मला होल्डवर ठेवलंय. या वेळात मी जे बोलतो ते कोणाला ऐकू जातं का?

ज्याने होल्ड केलं त्याला जात नाही. पण ‘कोणालाच जात नाही’ असं धरून चालू नका.

दोन मोबाईलमधल्या साध्या कॉलवर होल्ड करणारा माणूस दुसऱ्याच कॉलवर असतो. तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक किंवा ऑफिसचा बोर्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तुमचा कॉल कंपनीच्या यंत्रणेशी जोडलेला असतो आणि ती यंत्रणा पुढे प्रतिनिधीशी जोडते. होल्ड दाबल्यावर प्रतिनिधी बाजूला होतो, पण तुमची लाइन यंत्रणेत उघडीच असते. तुमच्याकडे संगीत येतं आणि तुमचा आवाज यंत्रणेपर्यंत पोहोचत राहतो. ध्वनिमुद्रण बाहेरून येणाऱ्या लाइनवर लावलेलं असेल तर होल्डवर असताना बायकोशी बोललेलं, पिन नंबर मोठ्याने वाचलेला, शिव्या घातलेल्या, सगळं त्यात येऊ शकतं. प्रतिनिधीने त्या क्षणी ऐकलं नसेल, पण नंतर ते मुद्रण तपासणारा ऐकू शकतो.

आणि प्रतिनिधीने होल्डऐवजी नुसतं म्यूट केलं असेल तर तो तुमचा शब्दन्‌शब्द तिथेच ऐकत असतो. ओळखायचं कसं? संगीत किंवा सूचना वाजते आहे म्हणजे होल्ड. एकदम कोरी शांतता आहे म्हणजे बहुधा म्यूट. शांततेत तोंड सांभाळा.

बोलत असताना दुसरा कॉल आला तर कोणाला काय ऐकू येतं?

एक उदाहरण घेऊ. सुजाता सासूबाईंशी बोलते आहे. तेवढ्यात गॅस सिलिंडरवाल्याचा फोन येतो.

सुजाताच्या कानात ‘टीं-टीं’ वाजतं आणि स्क्रीनवर दुसरा कॉल दिसतो. हा आवाज तिचाच फोन तिच्याच कानात वाजवतो. सासूबाईंना तो ऐकू जात नाही, त्या बोलत राहतात. जुन्या लँडलाइनवर हे वेगळं होतं. तिथे एक्स्चेंज हा आवाज लाइनमध्ये घुसवायचं, त्यामुळे क्षणभर बोलणं तुटायचं आणि पलीकडच्यालाही काहीतरी झाल्याचं कळायचं. सिलिंडरवाल्याला या वेळी नेहमीसारखी रिंग ऐकू येते किंवा ‘आपण कॉल केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे’ अशा अर्थाची सूचना.

आता सुजातापुढे आयफोनवर साधारण तीन पर्याय येतात. End & Accept दाबलं तर सासूबाईंचा कॉल कट होतो. Hold & Accept दाबलं तर त्या होल्डवर जातात. तिसऱ्याने नवा कॉल नाकारला जातो. घाईत पहिलं बटण दाबलं जातं आणि संध्याकाळपर्यंत ‘माझा फोन आपटला’ हे ऐकावं लागतं. अँड्रॉइडवर फोनच्या कंपनीनुसार शब्द बदलतात. काहींवर हिरवं बटण ओढलं की पहिला कॉल आपोआप होल्डवर जातो.

सुजाता बरोबर बटण दाबते. तिच्या फोनकडून नेटवर्कला निरोप जातो आणि सासूबाईंच्या कानात, त्या वाक्याच्या मध्यावर असतानाच, होल्डची सूचना सुरू होते. त्यांचं शेवटचं अर्धं वाक्य सुजाताला ऐकूच आलेलं नाही. म्हणून आधी ‘आई, एक मिनिट, गॅसवाल्याचा फोन आहे, होल्डवर ठेवते’ असं सांगून, त्यांचं ‘बरं’ ऐकून मगच बटण दाबायचं. त्यासाठी आठ-दहा सेकंद वेळ असतो. दुसरा कॉल तेवढ्यात कुठे जात नाही.

सिलिंडरवाल्याचं बोलणं संपतं आणि तो फोन ठेवतो. खरी चूक इथे होते. काही फोनवर होल्डवरचा कॉल आपोआप परत चालू होतो. काहींवर तो होल्डवरच राहतो आणि Unhold किंवा Resume दाबावं लागतं. सुजाता ‘हां आई, बोला’ म्हणत बसते आणि सासूबाई सूचनाच ऐकत असतात. स्क्रीनवर नावाखाली On hold असं दिसतंय का, ते बघा. दिसत असेल तर तुमचं बोलणं पोहोचत नाहीये.

बटणांच्या साध्या फोनवर हेच काम आकड्यांनी होतं. कॉल चालू असताना `2` दाबून हिरवं बटण दाबलं की चालू कॉल होल्डवर जातो आणि दुसरा घेतला जातो. पुन्हा तेच केलं की अदलाबदल होते. `1` आणि हिरवं बटण दाबलं तर चालू कॉल कट होऊन दुसरा जोडला जातो. दुसरा कॉल आल्याचं कळतच नसेल तर `*#43#` लावून कॉल वेटिंग चालू आहे का ते पाहा. चालू करण्यासाठी `*43#`, बंद करण्यासाठी `#43#`.

दोघांनीही एकमेकांना होल्डवर ठेवलं तर?

असं होतं, आणि मग दोघंही वैतागतात. तुम्ही दुसरा कॉल घ्यायला त्यांना होल्डवर ठेवलं. त्यांनी कंटाळून तिसऱ्याला फोन लावला, त्यात तुम्हीही होल्डवर गेलात. तुमचं काम झालं, तुम्ही Resume दाबलं, तरी तुम्हाला सूचनाच ऐकू येते. कारण तुमचा होल्ड निघाला, त्यांचा अजून आहे. होल्ड ज्याने केला त्यालाच काढता येतो. या स्थितीत पुन्हा पुन्हा बटण दाबून उपयोग नाही, उलट तुमचाच होल्ड परत लागतो. एकदा Resume करा आणि थांबा.

मर्ज दाबलं तर होल्डवरच्या माणसाला काय ऐकू येतं?

सगळं. Merge किंवा Merge calls दाबलं की होल्ड संपतो आणि तिघंही एकमेकांना ऐकू लागतात. ‘ती होल्डवर आहे, आपण तिच्याबद्दल बोलू’ म्हणत असताना बोट Swap ऐवजी Merge वर पडलं तर काय होतं, ते सांगायला नको. अदलाबदलीसाठी Swap. आणि होल्डवरच्या माणसाबद्दल बोलायचंच असेल तर तो कॉल आधी संपवलेला बरा.

म्यूट न करता माइकवर बोट किंवा हात ठेवला तर चालतं का?

नाही. लँडलाइनच्या रिसीव्हरवर हात ठेवायची सवय अजून अनेकांच्या अंगात आहे. तिथेही आवाज पूर्ण थांबत नसे, फक्त दबायचा. ‘सांग मी घरी नाहीये’ हे हातातूनही पलीकडे पोहोचायचं.

स्मार्टफोनवर तर हा उपाय उलटाही पडतो. आजच्या बहुतेक फोनना एकापेक्षा जास्त माइक असतात. एक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ, दुसरा वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याजवळ. फोन दोन्हींचा आवाज ताडून पाहतो आणि त्यातून आजूबाजूचा गोंगाट वजा करतो. तुम्ही खालचा माइक अंगठ्याने दाबलात की हा हिशेबच चुकतो. समोरच्याला तुमचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि अंगठ्याची खसखस मात्र मोठ्याने ऐकू जाते. कुजबुजही जाते, कारण वरचा माइक उघडा असतो.

म्यूट दिसत नाही, तरी माझा आवाज जात नाही. असं का?

बहुतेक वेळा दोन ठिकाणी म्यूट असतं आणि तुम्ही एकाच ठिकाणी बघत असता. ब्लूटूथ हेडसेटवर स्वतःचं म्यूट असतं आणि ते फोनच्या स्क्रीनवर दिसेलच असं नाही. हेडसेट म्यूट, फोन चालू. किंवा लॅपटॉपवर मीटिंगमधला माइक चालू, पण हेडफोनच्या वायरवरचं बटण बंद.

शोधायचं असेल तर आवाजाच्या वाटेने जा. आधी हेडसेटचं बटण, मग फोन किंवा लॅपटॉपचा माइक, शेवटी अ‍ॅपमधलं म्यूट. पटकन खात्री हवी असेल तर ब्लूटूथ बंद करून फोन थेट कानाला लावा. आवाज जाऊ लागला तर दोष हेडसेटकडे आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. म्यूट काढल्या-काढल्या बोललात तर पहिला शब्द अर्धा कापला जाऊ शकतो, विशेषतः ब्लूटूथवर. बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. मीटिंगमध्ये ‘...ला वाटतं की’ एवढंच पोहोचतं आणि ‘मला’ वाटेतच राहतं, ते यामुळे.

ग्राहक सेवेच्या यंत्राशी बोलताना म्यूट ठेवून आकडे दाबले तर चालतात का?

चालतात. कीपॅडवरचा आकडा दाबल्यावर जो ‘टूं’ होतो तो माइकमधून जात नाही. फोन तो वेगळ्या संकेताने नेटवर्ककडे पाठवतो, त्यामुळे म्यूटचा त्यावर परिणाम होत नाही. उलट ‘मराठीसाठी एक दाबा’ असल्या यादीत म्यूट करणं सोयीचं असतं. बोलून उत्तर घेणाऱ्या यंत्रणा टीव्हीचा किंवा रस्त्याचा आवाज हेच उत्तर समजतात आणि मध्येच थांबून ‘माफ करा, समजलं नाही’ म्हणतात. म्यूट केलं की ही कटकट जाते. मात्र बोलून उत्तर द्यायची वेळ आली की म्यूट काढायला विसरू नका.

होल्डमध्ये असं नाही. तुम्ही यंत्राचा कॉल होल्डवर ठेवून आकडे दाबलेत तर ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आणि बहुतेक यंत्रणा काही सेकंद उत्तर न मिळाल्यास यादी परत वाजवतात, मग कॉल संपवतात. तुम्ही परत येता तेव्हा तिथे कोणीच नसतं.

कॉल सेंटरमध्ये प्रतिनिधीने म्यूट कधी आणि होल्ड कधी वापरावं?

खोकला, शिंक, शेजारच्याला एक शब्द विचारणं, एवढ्यासाठी म्यूट. स्क्रीनवर माहिती शोधायला किंवा वरिष्ठांशी बोलायला त्याहून वेळ लागणार असेल तर होल्ड, आणि तेही विचारून: ‘सर, दोन मिनिटं होल्डवर ठेवू का?’

कारण साधं आहे. ग्राहकाला होल्डवर संगीत ऐकू येतं, म्हणजे कॉल जिवंत आहे हे कळतं. म्यूटमध्ये त्याला काहीच ऐकू येत नाही. तपासणी विभाग या रिकाम्या वेळेला ‘डेड एअर’ म्हणतो आणि त्याचे गुण कापतो. दुसरं कारण प्रतिनिधीच्या बाजूचं. त्याच्या यंत्रणेत मुद्रण हेडसेटपाशीच होत असेल, तर यंत्रणेतलं म्यूट दाबूनही शेजाऱ्याशी झालेलं बोलणं त्यात येऊ शकतं. आपल्याकडे काय आहे ते आयटी विभागाला विचारून ठेवावं, अंदाजावर राहू नये.

ऑफिसच्या डेस्क फोनवर होल्ड केल्यावर गाणं कुठून येतं?

फोनमधून नाही. ते ऑफिसच्या टेलिफोन यंत्रणेत, म्हणजे ईपीएबीएक्स किंवा इंटरनेटवर चालणाऱ्या सर्व्हरवर ठेवलेलं असतं. तुम्ही होल्ड दाबल्यावर फोन यंत्रणेला कळवतो की आता आवाजाची वाट एकतर्फी आहे. इंटरनेटवरच्या फोनमध्ये हा निरोप कॉलच्या तपशिलातल्या एका ओळीने जातो:

```
a=sendonly
```

कॉल परत सुरू केला की तिथे `a=sendrecv` येतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोला. होल्ड काढल्यावर आवाज एकाच बाजूने येतो अशी तक्रार असेल, तर यंत्रणा सांभाळणारा सगळ्यात आधी हीच ओळ परत बदलली का ते तपासतो.

ते संगीत इतकं खरखरीत का वाटतं, हाही नेहमीचा प्रश्न. पारंपरिक टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते. बोलणं समजायला तो पुरतो, पण तबल्याचा खर्ज आणि झांजेची झणकार दोन्ही त्याच्या बाहेर राहतात. शिवाय मोबाईलवरची आवाज दाबण्याची पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहे. सतारीच्या लांब सुरात तिला बोलणं सापडत नाही, मग सूर मध्येच बुडतो आणि परत वर येतो. एकच वाद्य आणि मध्यम सप्तक ठेवलं तर ऐकवतं. बोलून केलेली सूचना तर आणखी बरी.

डेस्क फोनवर आणखी एक सोय बहुधा असते. होल्डवर ठेवून विसरलात तर काही वेळाने फोन परत वाजतो. किती वेळाने ते यंत्रणेत ठरवता येतं. दवाखान्याच्या रिसेप्शनवर ही सोय बंद असेल तर पेशंट संगीत ऐकत अडकून पडतो आणि काउंटरवर कोणालाच त्याची आठवण नसते.

व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना सिमचा कॉल आला तर?

सिमचा कॉल घेतला की इंटरनेटवरचा कॉल बाजूला पडतो. तिथे मोबाईल कंपनीची सूचना वाजत नाही, कारण तो कॉल कंपनीच्या टेलिफोन यंत्रणेतून जातच नाही. समोरच्याला स्क्रीनवर होल्डची ओळ दिसते, किंवा टोन अथवा शांतता ऐकू येते. अ‍ॅप आणि त्याची आवृत्ती यावर ते ठरतं. कानाला फोन लावलेला माणूस स्क्रीन बघत नाही, म्हणून त्याला कॉल तुटल्यासारखंच वाटतं. इथेही आधी सांगून मग दुसरा कॉल घ्या.

मीटिंगला फोन नंबर लावून जोडले गेला असाल तर झूमवर `*6` दाबून म्यूट आणि अनम्यूट करता येतं. अशा मीटिंगमध्ये होल्ड मात्र कधीच करू नका. तुमच्या नेटवर्कची होल्डची सूचना मीटिंगमधल्या सगळ्यांना ऐकू जाऊ शकते, आणि तुम्ही दुसऱ्या कॉलवर असल्यामुळे तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो.

होल्डचं बटण फिकट दिसतं, दाबलंच जात नाही. का?

समोरच्याने फोन अजून उचललेला नसेल तर होल्ड होत नाही. आपत्कालीन ११२ चा कॉलही होल्डवर ठेवता येत नाही, ते मुद्दामच तसं आहे. याशिवाय तुमच्या जोडणीवर ही सेवा चालू नसेल तरीही बटण फिकट राहतं. त्यासाठी कंपनीकडे विचारावं लागतं. आयफोनवर वेगळं बटण दिसत नसेल तर Mute वर बोट काही क्षण दाबून ठेवून पाहा.

होल्डवर असताना पैसे लागतात का?

लागतात. होल्ड म्हणजे चालू कॉलच. अमर्याद बोलण्याच्या पॅकमध्ये फरक पडत नाही, पण परदेशी कॉल किंवा रोमिंगवर मिनिटं मोजली जातात. तुम्ही दोन्ही कॉल स्वतः लावले असतील तर दोन्हींची मिनिटं एकाच वेळी पडतात.

एकदम शांतता झाली. म्यूट, होल्ड की कॉल तुटला, कसं ओळखायचं?

आधी स्क्रीन बघा. टायमर थांबला किंवा कॉलची स्क्रीनच गेली असेल तर कॉल संपला. टायमर पळतोय आणि सूचना, टोन किंवा संगीत वाजतंय तर होल्ड. टायमर पळतोय आणि अगदी कोरडी शांतता आहे तर तीन शक्यता: त्यांनी म्यूट केलं, सूचना न वाजवणाऱ्या नेटवर्कवरून होल्ड केलं, किंवा रेंज जाऊन आवाज एका बाजूने अडकला. रेंज जाताना बहुधा शेवटचे शब्द तुटक येतात, यंत्रमानव बोलल्यासारखे. म्यूट आणि होल्डमध्ये आवाज स्वच्छ कापला जातो.

तुमच्या फोनवरून पलीकडे नेमकं काय जातं हे एकदा करूनच बघा. घरातल्या दुसऱ्या फोनवर कॉल लावा आणि तो वेगळ्या खोलीत कोणाच्या तरी कानाला द्या. एकाच खोलीत ठेवलात तर शिट्टी वाजेल आणि काही कळणार नाही. पंखा चालू ठेवून दहा सेकंद नुसते गप्प बसा, मग दहा सेकंद म्यूट, मग दहा सेकंद होल्ड. हेडसेट वापरत असाल तर तो लावून हेच परत करा, आणि या वेळी म्यूट हेडसेटवरच्या बटणाने करा. ऐकणाऱ्याला प्रत्येक टप्प्यात काय ऐकू आलं ते कागदावर लिहायला सांगा.